मॉइश्चरायझर लावून चेहऱ्यावर रॅश आलीये, रिफंड हवाय

नमस्कार,

मी नाशिकहून लिहितेय, इंदिरानगरला राहते. तुमच्या साइटवरून ५४९ रुपयांचं मॉइश्चरायझर मागवलं होतं, ऑर्डर याच मेल आयडीवरून आहे, तुम्हाला लगेच सापडेल. इथे थंडीत गाल नुसते फुटतात म्हणून घेतलं, आणि डब्यावर मोठ्या अक्षरात 'सेन्सिटिव्ह स्किनसाठी' लिहिलंय म्हणून जरा जास्त पैसे गेले तरी चालतील म्हटलं.

रात्री लावलं तेव्हा थोडं चुरचुरलं, पण सकाळी उठून बघते तर दोन्ही गालांवर आणि हनुवटीखाली लाल चट्टे, त्यावर बारीक बारीक पुरळ आणि खाज तर विचारूच नका, पापण्यासुद्धा सुजल्या होत्या. बाकी काहीच नवीन वापरलं नव्हतं, फेसवॉशही नेहमीचाच. स्किनच्या डॉक्टरांनी कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सांगितलं, क्रीम बंद करायला लावलं. घटकांच्या यादीत शेवटी बारीक अक्षरात 'परफ्यूम' आहे, आणि सुगंधाची अ‍ॅलर्जी तर कितीतरी जणांना असते, मग सेन्सिटिव्ह स्किनच्या क्रीममध्ये तो घालायचाच कशाला?

कस्टमर केअरची ताई म्हणाली सील तोडलेलं परत घेत नाही. अहो, सील न तोडता क्रीम लावायचं कसं?

मला कूपन नको, दुसरी क्रीम तर अजिबात नको, पूर्ण पैसे ज्या यूपीआयवरून भरले तिथेच परत करा. फोटो, बिल, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडलीये, डबा बॅच नंबरसकट जपून ठेवलाय, हवा तर कुरिअरवाला पाठवा. आठवड्याभरात उत्तर नाही आलं तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकणार.

वाट बघतेय.