बेदाण्याच्या सुकवणीवरील सुधारित लेखासोबतचे पत्र

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

'डिपिंग द्रावणाचा सामू आणि तासगाव भागातील बेदाण्याची सुकवण' या लेखाची सुधारित प्रत सोबत जोडली आहे. दोन्ही परीक्षकांनी लेख ओळीओळीने वाचल्याचे जाणवते, त्यांचे आभार. द्राक्षांचे ब्रिक्स, शेडमधील रोजचे तापमान व आर्द्रता आणि तक्ता २ मधील एकके याबाबतच्या सूचना जशाच्या तशा स्वीकारल्या आहेत. बदललेला मजकूर पिवळ्या रंगात आहे. तीन मुद्द्यांवर मात्र आमचे मत वेगळे आहे.

पहिला मुद्दा ओलाव्याचा. परीक्षक २ यांच्या मते नमुने १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवायला हवे होते. धान्यासाठी ते ठीक, पण बेदाण्यात साखरच जास्त. त्या तापमानाला फ्रुक्टोज विघटित होऊन पाणी सुटते, ते ओलाव्यात मोजले जाते आणि वजन स्थिरच होत नाही. म्हणून आम्ही निर्वात ओव्हनमध्ये ७० अंशांवर ६ तास ठेवण्याची, सुक्या फळांसाठी रूढ असलेली पद्धत कायम ठेवली आहे. बेदाणे अख्खे न ठेवता बारीक चिरले होते, नाहीतर आतला ओलावा अडकून राहतो. हे वाक्य आधी राहिले होते, आता ओळ १४१ वर घातले आहे. आपण सुचवल्यास उरलेल्या नमुन्यांवर १०५ अंशांची चाचणी घेऊन आकडे परिशिष्टात देऊ.

परीक्षक १ यांच्या मते डिपिंगने 'साल तडकते' असे लिहावे. गरम कॉस्टिकच्या पाण्यात बुडवले तर तडकते. इथे पोटॅशियम कार्बोनेट २.५ टक्के, इथिल ओलिएट १.५ टक्के आणि द्रावण थंड. त्याने सालीवरच्या मेणाच्या पापुद्र्यांची रचना बदलते आणि पाणी लवकर बाहेर पडते. साल तडकली असती तर रस झिरपून मणी जाळीला चिकटले असते. तसे झाले नाही, म्हणून मूळ शब्दरचना ठेवली आहे. सामू ११ वरून उतरतो कसा, या त्यांच्या शंकेला मात्र उत्तर द्यायलाच हवे होते: प्रत्येक घडाबरोबर द्रावण ओढले जाते आणि फुटलेल्या मण्यांचे आम्ल टाकीत उतरते. भर कधी घातली ते आता नोंदवले आहे.

तिसरा मुद्दा पुनरावृत्तींचा. प्रत्येक जाळी स्वतंत्र पुनरावृत्ती धरावी ही सूचना आम्हाला मान्य नाही, आणि यावर आम्ही ठाम आहोत. जाळ्या ३० होत्या, पण शेड तीनच. एका शेडमधल्या दहा जाळ्यांना वारा तोच आणि टाकीही तीच, त्यामुळे त्या स्वतंत्र नमुने ठरत नाहीत. ३० धरले की फरक सांख्यिकीदृष्ट्या सार्थ दिसतो, हे आम्हीही पाहिले. तरीही तसा दावा करणे योग्य वाटत नाही. म्हणून शेडनिहाय सरासरीच वापरली असून निष्कर्षात 'सिद्ध होते' ऐवजी 'कल दिसतो' असे लिहिले आहे.

जाळीनिहाय मूळ नोंदी वेगळ्या फाइलमध्ये दिल्या आहेत. तिसऱ्या मुद्द्यावर आणखी मत घ्यायचे असल्यास ते संख्याशास्त्राच्या जाणकाराकडून घ्यावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
पत्रव्यवहारासाठीची लेखिका
अन्नविज्ञान विभाग, सांगली