सोलार बसवायचं म्हणताय? आधी लाईट बिल काढा

नमस्कार मंडळी. "सोलार लावलं की बिल शून्य होतं ना?" असं दुकानात रोज कोणी ना कोणी विचारतं. होत नाही. एकही युनिट ओढलं नाही तरी हेस्कॉम या आपल्या वीज कंपनीचा स्थिर आकार बिलात येतोच.

ज्यांना कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेतल्या मोफत विजेमुळे आजच शून्य बिल येतं, त्यांनी सध्या सोलारच्या नादाला लागू नये. जे बिल भरतच नाही, त्यात वाचणार काय? धंदा आमचाच बुडतो, पण खरं ते खरं.

महिन्याला अडीचशे-तीनशे युनिट जाळणाऱ्या घराचं गणित वेगळं. एक किलोवॅटमागे वर्षाची सरासरी धरली तर महिन्याला साधारण 100 ते 120 युनिट मिळतात. मार्च-एप्रिलात जास्त. जुलैत मात्र आपल्याकडे, त्यातही खानापूर भागात, पाऊस एकदा लागला की मीटरचा आकडा हलता हलत नाही. म्हणून एका महिन्याचं बिल दाखवून हिशेब मागू नका, बारा महिन्यांची आणा. गच्चीही बघावी लागते. किलोवॅटला शंभरेक चौरस फूट बिनसावलीची जागा हवी. दुपारी तीननंतर पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलवर पडली, तर त्या ओळीतल्या बाकीच्यांचंही उत्पादन घटू शकतं.

आता सबसिडी. पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30,000, 2 ला 60,000, 3 किंवा त्याहून जास्तीला 78,000 रुपये. त्यापुढे वाढ नाही. पॅनेल भारतात बनलेल्या सेलचेच हवेत, आणि काम नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच. pmsuryaghar.gov.in वर बिलावरचा ग्राहक नंबर घालून अर्ज होतो. मग बसवणं, हेस्कॉमची तपासणी, मग घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारं नेट मीटर. हे सगळं पार पडल्यावर पैसे थेट तुमच्या बँक खात्यात येतात, आमच्याकडे नाही. म्हणजे आधी पूर्ण रक्कम तुम्हालाच उभी करायची, नाहीतर बँकेचं कर्ज घ्यायचं. हप्ता आणि वाचणारे पैसे शेजारी शेजारी मांडून बघा. सबसिडी वजा करून किंमत सांगणाऱ्याला पूर्ण आकडा कागदावर मागा.

घोडं बहुतेक वेळा नावात अडतं. बिल अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर आणि आधार, पासबुक मुलाचं. मीटर आधी नावावर करून घ्या, सोलारचं नंतर बघू.

आणि हो, करंट गेला की हे सोलारही बंद. लाईनवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर आपोआप थांबतो. बॅटरी हवी असेल तर खर्च वाढतो, तो वेगळा सांगू.

गच्ची बघायला पैसे घेत नाही. सावलीचा अंदाज यावा म्हणून दुपारीच येतो, रविवार सोडून.