मुग्धा, लग्नाला आले नाही त्याबद्दल

प्रिय मुग्धा,

फोन केला असता तर तू "अगं, असू दे" म्हणून विषय संपवला असतास, म्हणून लिहितेय.

मी तुझ्या लग्नाला आले नाही. सगळ्यांना सांगितलं की रजा मिळाली नाही. खरं हे की मी रजा मागितलीच फार उशिरा, आणि साहेबांनी तोंड वाकडं केल्यावर पुन्हा विचारायचा धीर केला नाही. तिथे ठाम राहायला हवं होतं. तुझ्यासाठी तरी.

करवली मीच होणार, हे आपलं कॉलेजपासून ठरलेलं. मंगलाष्टकांच्या वेळी करादिवा घेऊन तुझ्यामागे चुलतबहीण उभी असलेली फोटोत पाहिली, आणि तुझी नजर भटजींकडे नाही, दाराकडे आहे हेही पाहिलं. कदाचित उगाच वाटलं असेल मला. पण तो फोटो मी परत उघडू शकलेले नाही. काकूंनी माझ्यासाठी काढून ठेवलेली मोतिया साडी तशीच घडी घातलेली आहे, असं तुझ्या भावाने सांगितलं. त्यांचीही माफी मागायची आहे, समोर बसून.

मनापासून माफ कर. राग असेल तर तो धरायचा तुला पूर्ण हक्क आहे. मी समजूत घालत बसणार नाही.

पुढच्या शनिवारी कोल्हापूरला येतेय, रजा मंजूर करून घेतलीय. आहेर हातानेच देईन. भावजींनी उखाणा काय घेतला, तो मात्र आधी कळव.

तुझीच,
स्वाती