चटणी कांडपाच्या फोनसाठी मामींनी बोलायचा मजकूर

मामी, रेकॉर्डिंगचा मजकूर पाठवतोय. दुपारी डंक बंद असताना शटर ओढून घ्या आणि बोला. सावकाश बोललात तरी एकेक तुकडा पंधरा सेकंदांत बसतो. एखादा लांबलाच तर एखादं वाक्य गाळा, पण भरभर वाचू नका.

डंक सुरू आहे, फोन उचलता आला नाही

"नमस्कार, राजारामपुरीतली चटणी कांडप. डंकाच्या आवाजात रिंग ऐकू आली नाही. बीप वाजल्यावर नाव, नंबर आणि किती किलो मिरची, एवढं सांगा. संध्याकाळी सातच्या आत मी फोन करते."

"आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" हे मुद्दाम घातलेलं नाही. ते ऐकलं की माणूस समजतो, आता अर्धा तास गेला. त्यापेक्षा "मी फोन करते" हे ठामपणे म्हणा. आणि एकदा सात म्हटलं की सात. मामांनाही सांगून ठेवा.

रात्री आणि सोमवारी

"नमस्कार, चटणी कांडप आत्ता बंद आहे. सकाळी नऊला उघडतो, सोमवारी सुट्टी. मिरची देठं काढून, कडक वाळवून आणा. नाव-नंबर सांगून ठेवा, उघडल्यावर फोन करते."

मिरचीचं वाक्य राहू द्या. ओलसर मिरची घेऊन आलेल्यांना परत पाठवताना तुम्हालाच जिवावर येतं.

होल्डवर

"एक मिनिट हं, दुसऱ्या फोनवर आहे. तोवर ठरवून ठेवा, ब्याडगी किती आणि संकेश्वरी किती. रंग ब्याडगीचा, ठसका संकेश्वरीचा. आलेच मी."

हे हसत बोला, फोनवर हसू कळतं. मागं गाणं नको. "ठसका"च्या आधी जरा थांबा.

मिनिटभरानंतरही होल्डवरच असतील तर

"अजून थांबलाय, बरं केलंत. घाई असेल तर एक दाबा आणि नाव-नंबर सांगा, हातातलं काम झालं की मीच फोन करते."

उन्हाळ्यात, पहिल्याच्या जागी

"नमस्कार, राजारामपुरीतली चटणी कांडप. सीझन आहे, आजचे नंबर भरलेत. नाव आणि किलो सांगा, तुमचा दिवस फोन करून कळवते. तोवर पिशव्या घेऊन येऊ नका."

शेवटचं वाक्य जरा मऊ आवाजात घ्या, नाहीतर हाकलल्यासारखं वाटेल. मार्चमध्ये गर्दी वाढली की हे लावू. वळीव सुरू होऊन मिरची वाळवणं थांबलं की मला सांगा, त्याच दिवशी पहिलं परत लावतो. पावसाळ्यात रिकाम्या डंकावरून "नंबर भरलेत" ऐकू गेलं तर गिऱ्हाईक दुसरीकडं जाईल.