ओली फरशी

मे महिना होता. नागपूरची दुपार. बाहेर ४५ डिग्री ऊन. महाल भागातली गल्ली रिकामी होती. कुत्रासुद्धा रिक्षाखाली झोपला होता.

मिठूच्या घरात गार होतं. घरात मोठा कूलर होता. घर्र, घर्र, घर्र. कूलरला वाळ्याचा वास होता.

आई-बाबा कामाला गेले होते. आजी बाजेवर झोपली होती. गोलू चटईवर झोपला होता. गोलू दोन वर्षांचा. मिठू आठ वर्षांची.

मिठू दारात बसून चित्र काढत होती. एक घर. एक झाड. एक सूर्य. सूर्य फार मोठा झाला. नागपुरात तो मोठाच असतो!

टप. टप. टप.

मिठूने वर पाहिलं. कूलरमधून पाणी गळत होतं. फरशी ओली झाली होती.

मनी मांजर आली. तिला तहान लागली होती. ती पाणी प्यायला गेली. तिचं नाक कूलरला लागलं.

"म्यांव!"

मनी उडालीच. तिचे केस उभे राहिले. शेपूट फुगली. ती पळाली आणि कपाटावर जाऊन बसली.

मिठूचा हात थांबला.

बाबा नेहमी सांगायचे, "ओल्या पायाने कूलरजवळ जायचं नाही. करंट लागतो. करंट माणसाला सोडत नाही."

कूलरला करंट आला होता!

तेवढ्यात चटई हलली. गोलू उठून बसला. त्याने डोळे चोळले. मग तो हसला. त्याला कूलर दिसला होता.

गोलूचा एक खेळ होता. तो कूलरच्या जाळीला तोंड लावायचा. मग ओरडायचा, "आऽऽऽ!" कूलरमुळे आवाज थरथरायचा. गोलूला खूप मजा यायची.

गोलू उभा राहिला. त्याच्या पायात काही नव्हतं. तो कूलरकडे निघाला.

"गोलू, थांब!"

गोलू थांबला नाही. त्याला वाटलं, ताई खेळते आहे.

"आजी! आजी, ऊठ!"

घर्र, घर्र, घर्र. आजीला काही ऐकू गेलं नाही. तिला तसंही कमी ऐकू यायचं.

कूलरचं बटण भिंतीवर होतं. पण ते कूलरच्या मागे होतं. मधे पाणी होतं. मिठूच्या पायातही चपला नव्हत्या.

काय करू? काय करू?

मेन स्विच! तो बाहेर, ओसरीवर होता. पण बाहेर जायचं, तर गोलूकडे पाठ करावी लागणार.

गोलू पाण्याजवळ आला होता. आता फक्त चार पावलं.

"गोलू, मला पकड!" मिठू ओरडली आणि बाहेर पळाली.

गोलू मागे आला का? तिने वळून पाहिलं नाही. पाहायला वेळच नव्हता.

मेन स्विच उंच होता. मिठूने लाकडी स्टूल ओढलं. ती वर चढली. हात पुरेना. ती टाचा उंच करून उभी राहिली. स्टूल डुगडुगलं. बोटं स्विचला लागली. तिने खाली ओढलं.

स्विच हलला नाही.

तिने दोन्ही हातांनी धरलं. दात आवळले. ओढलं.

खट्!

घर्र... घर्... घ...

कूलर बंद झाला. पंखा बंद झाला. घर एकदम गप्प झालं.

गोलूचा आवाज नाही. पावलांचाही नाही.

मिठूला खाली उतरवेना. तिचे पाय कापत होते.

मग आतून आवाज आला.

"आऽऽऽ!"

मिठूने स्टूलवरून उडी मारली. ती आत धावली.

गोलू पाण्यात उभा होता. त्याचे दोन्ही हात कूलरवर होते. तोंड जाळीला होतं. "आऽऽऽ!" तो पुन्हा ओरडला. पण आवाज थरथरला नाही. गोलू चिडला. त्याने कूलरला एक चापट मारली.

"ताई, सुरू कल!"

मिठूने त्याला उचललं. घट्ट धरलं. गोलू लाथा मारत होता. मारू दे!

आजी घामाने जागी झाली. "लाइट गेली का गं? आणि तू रडून कायले राहिली?"

मिठूने सगळं सांगितलं. आजी काही बोलली नाही. तिने दोघांना जवळ ओढलं. मग ती हाताने पंखा हलवत बसली. मेनला तिने कोणालाही हात लावू दिला नाही.

संध्याकाळी बाबा आले. सोबत वायरमनकाका होते. त्यांनी कूलर उघडला. आत पंपाची वायर कापली गेली होती. तिचं टोक पत्र्याला लागलं होतं. काकांनी नवी वायर लावली. फरशी कोरडी केली.

"मेन कोणी बंद केलं?" काकांनी विचारलं.

"मी," मिठू म्हणाली.

"मग सुरूही तूच कर. चल!"

बाबांनी तिला उचलायला हात पुढे केले.

"थांबा, बाबा," मिठू म्हणाली. "आधी चपला घालते."