भिंतीवरची रेघ

फाटकावरच्या पाटीवर 'जुना तुरुंग' असंच लिहिलं होतं, आणि ते खोटं वाटावं असं इमारतीत काही नव्हतं. कमरेएवढ्या जाडीच्या दगडी भिंती, हात पोचणार नाही इतक्या उंचावर जाळीच्या खिडक्या, आत शिरायला एकच रुंद दार. दाराच्या चौकटीलगत दगडावर कोरलेल्या रेघा होत्या. चार उभ्या, त्यांवर एक तिरकी. शाळेच्या सहली आल्या की गाईड मुलांना सांगे, "कैदी असे दिवस मोजायचे." मुलं गप्प होऊन रेघांवरून बोटं फिरवत.

रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला सगळे काकाच म्हणत. रात्री दहाला तो यायचा, सकाळी सहाला किल्ल्या द्यायचा. दर दोन तासांनी फेरी, कुलपं ओढून बघायची, आणि मोठ्या दालनातल्या आर्द्रतामापकाचा आकडा नोंदवहीत लिहायचा. जुने कागद आणि कापडं होती कपाटांत, म्हणून क्युरेटर मॅडमनी ते काम त्याला लावून दिलं होतं. आधीचा पहारेकरी सगळे आकडे पहाटे एकदमच भरायचा. याला ते जमेना. काटा बघितल्याशिवाय आकडा लिहायचा म्हणजे खोटी सही केल्यासारखं त्याला वाटे.

पावसाळ्यात मोठ्या दालनाच्या भिंतींना ओल आली. सगळीकडेच येते, त्याचं कुणाला नवल नव्हतं. ठेकेदाराने छपराची कौलं बदलली. पाऊस गेला, थंडी पडली, कौलं कोरडी ठणठणीत, आणि तरी रात्री दोनच्या फेरीला टॉर्च मारला की भिंत काळपट ओली दिसे. त्याने सकाळी मॅडमना सांगितलं. त्या साडेदहाला येऊन बघतात तर भिंत कोरडी. वर थोडी पांढरी भुकटी, बस्स.

"काका, रात्री डोळ्यांना तसं दिसत असेल," त्या म्हणाल्या. वाईट हेतूने नव्हे.

तो काही बोलला नाही. पण त्या रात्रीपासून आकड्याशेजारी एक शब्द जास्त लिहायला लागला: 'कोरडी' किंवा 'ओली'.

महिनाभराने पानं उलटताना त्याच्या ध्यानात आलं. आकडा सत्तरवर असेल तेव्हा कोरडी. बहात्तरला कोरडी. सत्याहत्तरला ओली, ऐंशीला तर हाताला पाणी लागेल इतकी ओली. पाऊस नाही, गळती नाही, नळ तर दुसऱ्या टोकाला. खाडीवरून दमट वारा सुटला आणि काटा पंचाहत्तर ओलांडून गेला, की भिंतीला घाम फुटायचा.

आणखी एक गोष्ट त्याने पाहिली, आणि ती बघायला त्याला खुर्ची दालनाच्या मधोमध ओढून टॉर्च जमिनीवर ठेवून बसावं लागलं. ओल वाटेल तशी पसरलेली नव्हती. समोरच्या लांब भिंतीवर ती माणसाच्या डोक्याच्याही वर, एका सरळ पातळीत होती. तिथून दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ती दाराकडे उतरत यायची, एकसारखा उतार धरून, आणि दारापासून चार पावलांवर जमिनीला टेकायची. डावीकडचा उतार आणि उजवीकडचा उतार हुबेहूब. पाणी असं उतरत नाही. वरून गळलं तर ओघळ येतात, जमिनीतून चढलं तर वरची कड वेडीवाकडी राहते.

त्याने बोट भिंतीवर टेकवलं आणि जिभेला लावलं. खारट होतं.

खाडीकाठी खारट वाऱ्याचं काय अप्रूप, असं कुणीही म्हणेल, आणि तोही तसंच म्हणाला. खारा वारा सगळ्या भिंतींना लागतो. मग पुढच्या लहान खोलीची भिंत कोरडी का? दाराजवळचा कोपरा कोरडा का? या प्रश्नाने त्याला कितीतरी रात्री जागं ठेवलं. तसा तो जागाच असायचा, पण आता डोकंही जागं राहू लागलं. फेरी मारताना तो इमारतीकडे निराळ्या नजरेने बघू लागला. छपराच्या तुळया जिथे जोडल्या होत्या तिथे एकही खिळा नव्हता, सगळ्या लाकडी मेखा. बिजागऱ्या पितळी. मोठ्या दालनाची फरशी दाराकडे किंचित उतरती, आणि उंबऱ्याशी दगडात खोदलेली अरुंद चर. बाहेरून भिंतींना टेकलेले जाड दगडी धिरे. कैद्यांना कोंडायला आतल्या बाजूने मजबुती लागेल. बाहेरून आधार कशाला? आतून कोण एवढं रेटत होतं?

उत्तर एका म्हाताऱ्या पाहुण्याने दिलं, आणि तेही प्रश्न कळल्याशिवाय. संध्याकाळी बंद व्हायच्या वेळेला ते नातीला घेऊन आले होते. काका नेमका लवकर आला होता. आजोबा चौकटीतल्या रेघांपाशी थांबून हसले.

"तुरुंग म्हणतात होय याला? माझे आजोबा इथे मापारी होते."

"कसले मापारी?"

"मिठाचे. वखार होती ही. गोणी उंबऱ्याबाहेर पडली की हमाल एक रेघ ओढायचा. पाचाचं जुडगं. चार जुडगी झाली की गोल. एक वीस. कागदावर मापारी लिहायचा, दगडावर हमाल. दोघांचा मेळ बसला तरच गाडी सुटायची."

"आणि मीठ कुठं ठेवायचे?"

"ठेवायचे कसलं, ओतायचे. मागच्या भिंतीला ढीग." आजोबांनी हात वर नेऊन खाली उतरवला. काकाच्या डोळ्यांसमोरची ओली रेघ त्यांनी हवेत काढून दाखवली होती.

त्या रात्री त्याने काम नीट केलं, पण मन दालनाबाहेर जाईना. ढीग मागे उंच, दाराकडे उतरता. मीठ वर्षानुवर्षं भिंतीला टेकून राहिलं, दगडाच्या आणि चुन्याच्या पोटात शिरलं. ढीग गेला, त्याची कड राहिली. सुटं मीठ भिंतींना बाहेर रेटतं म्हणून धिरे. लोखंड खाऊन टाकतं म्हणून मेखा आणि पितळ. पाणी सुटतं म्हणून उतार आणि चर. सगळं जागच्या जागी बसलं.

मॅडमना सांगायला त्याला दोन दिवस लागले, कारण त्याच आठवड्यात इंजिनिअर येऊन गेले होते. ओल कायमची घालवायला आतून सिमेंटचा गिलावा मारायचा, अंदाजपत्रकही तयार होतं. शेवटी त्याने नोंदवहीच पुढे ठेवली. मॅडमनी तीन महिन्यांची पानं उभ्या उभ्याच वाचली आणि मग खाली बसल्या.

"पंचाहत्तर," त्या म्हणाल्या. "काका, साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण पंचाहत्तर टक्क्यांवर गेली की पाणी ओढून विरघळायला लागतं. हे पुस्तकात असतं. तुम्ही ते भिंतीवरून काढलंत."

"मग सिमेंट?"

"सिमेंट मारलं तर मीठ आत अडकेल. आत खडे धरतील आणि भिंतीचं तोंड फोडून बाहेर येतील. आज रात्री थांबते मी. इंजिनिअरसाहेबांनाही बोलावते."

साहेब कुरकुरत आले. अडीच वाजता काटा अठ्ठ्याहत्तरवर होता. काकाने दिवे बंद केले, टॉर्च फरशीवर आडवा ठेवला. तिरक्या उजेडात ढिगाची कड तिन्ही भिंतींवर उमटली. साहेबांनी खिशातून टेप काढली, दोन्ही बाजूंच्या उतारांची मापं घेतली आणि पुन्हा घेतली. मग म्हणाले, "गिलावा रद्द. कागदाच्या लगद्याचे लेप लावू. ओला लेप मीठ ओढून घेतो, वाळला की काढायचा, परत लावायचा. वेळ लागेल, आणि सगळं काही निघणार नाही."

"सगळं काढू नका," मॅडम म्हणाल्या.

पहाटेपर्यंत त्या तिघांनी इमारत फिरून काढली. चारही कोपऱ्यांत भिंतीला ठोकलेले छोटे लोखंडी डबे काकाने दाखवले, गंजून बंद पडलेले, एकाला साखळीचा तुकडा लोंबत होता. त्याला वाटे की बेड्या अडकवायला असतील. मॅडमनी वाकून पाहिलं.

"यात किल्ली असायची. पहारेकऱ्याच्या गळ्यात घड्याळ. प्रत्येक कोपऱ्यावर जाऊन तिथली किल्ली घड्याळात फिरवायची, आतल्या कागदावर खूण उठायची. सकाळी साहेब कागद बघणार, की हा खरंच फिरला का झोपला."

"रात्रभर? मिठाला?"

"मिठावर कर होता काका. त्यासाठी 1930 साली लोक दांडीपर्यंत चालत गेले. फ्रान्समध्ये तर राज्यक्रांतीच्या दिवसांत, 1790 ला, तो रद्द करावा लागला. कर आला की चोरी आली, चोरी आली की पहारा."

काका त्या चार डब्यांच्या क्रमाने एकदा चालला. त्याचीच फेरी होती. वळणं तीच, मागच्या भिंतीपाशी थांबायची जागा तीच. त्याला ती कुणी शिकवली नव्हती. इमारतीत दुसऱ्या कुठल्या वाटेने नीट फिरताच येत नाही.

पाटी बदलायला समिती तयार होईना. तुरुंग बघायला लोक येतात, मीठ बघायला कोण येणार? मॅडम भांडल्या. मधल्या काळात इथे शाळा भरत होती, नंतर रद्दी फायली ठेवत, तेही त्यांनी शोधून काढलं. पाटी अखेर उतरली. नव्या पाटीवर काय लिहायचं यावर अजून वाद चालू आहे, पण सहलींना आता खरं सांगतात, आणि महिन्यातून एकदा, हवा दमट असेल त्या संध्याकाळी, मुलांना काकाच्या ताब्यात देतात.

परवाच्या सहलीत एक मुलगा रुसला. "म्हणजे कैदी नव्हतेच?"

"नव्हते. हमाल होते. पाठीवर गोणी घेऊन इथून जायचे, तू उभा आहेस तिथून. मोज बघू किती गोणी गेल्या."

मुलगा मोजायला लागला, नाइलाजाने. मग त्याचं बोट हळू झालं. तो मागे आला, पुन्हा मोजलं, आणि गोलावर बोट ठेवून थांबला.

"काका, चार जुडगी झाली की गोल ना? इथे तीनच आहेत."

काकाने वाकून टॉर्च मारला. तीनच होती. इतक्या रात्री या दगडाशेजारी काढल्या आणि हे त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"मग पाच गोणी कुठे गेल्या?" मुलगा म्हणाला. बाकीची मुलं आता चौकटीपाशी गोळा झाली होती, आणि काकाने नोंदवही मागवली.