कृष्णा आली (पहिलीसाठी कृतिगीत)

डोंगरातून आली कृष्णा *(डोक्यावर हात जोडून शिखर)*
झुळझुळ झुळझुळ गाते गं *(बोटं हलवत हात खाली)*
वाईच्या घाटाला भेटून *(नमस्कार)*
पुढे पळत जाते गं *(जागेवर पळा)*

माहुलीला वेण्णा भेटे *(जोडीदाराचे हात धरा)*
दोघी फिरती गरगर गं *(गिरकी)*
सांगलीची हळद पिवळी *(तळहातावर बोट घासा)*
गालावर लाव भरभर गं *(गालांना हात)*

बाई, गुरुजी, पहिल्या दिवशी नुसत्या कृती घ्या. शब्द तुम्हीच म्हणा, मुलं हात हलवतील. दुसऱ्या दिवसापासून ओळीचा शेवटचा शब्द गाळून थांबा: ‘दोघी फिरती…’ गिरकी सुरू झाली की ‘गरगर’ आपोआप येतं. तिथे घाई नको, दोन क्षण वाट बघा.

एकट्याला उभं करून ‘म्हण बघू’ नको. गोलात सगळे मिळून म्हणा. एखादं लेकरू आठवडाभर नुसतंच गालाला हात लावत राहिलं, तरी ते शिकतंयच. शब्द चुकला तर टोकू नका, पुढच्या फेरीत तुम्ही स्पष्ट म्हणा. आणि पाठांतर म्हणून घरी मात्र देऊ नका. मुलं अंगणात आपणहून म्हणतात, तेच खरं पाठ झालेलं.